कंटेनरचं खरं वजन: बरणीपासून जहाजापर्यंतची बेरीज



आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गटांचा माल आता फक्त जत्रेत आणि प्रदर्शनात विकला जात नाही. लोणचं, पापड, मसाले भिवंडीच्या गोदामात जातात आणि तिथून निर्यातदाराच्या नावाने परदेशात रवाना होतात. काही ताया तर भिवंडीच्या गोदामात किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्वतः पॅकिंगचं काम करतात. अशा वेळी निर्यातदाराचा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, "व्हीजीएम किती?" आणि बऱ्याचदा त्याला उत्तर मिळतं ते लोणच्याचं वजन. ते उत्तर चुकीचं असतं, आणि थोडंथोडकं नाही, टनांनी चुकीचं असतं.

व्हीजीएम म्हणजे व्हेरिफाइड ग्रॉस मास. साध्या भाषेत सांगायचं तर भरून, दार लावून, सील मारून तयार झालेल्या कंटेनरचं काट्यावर मोजून पक्कं केलेलं एकूण वजन. त्यात आतला माल आला, मालाच्या बरण्या आणि खोकी आली, खाली ठेवलेले लाकडी पॅलेट आले, माल हलू नये म्हणून लावलेल्या फळ्या-पट्ट्या आल्या, आणि लोखंडी कंटेनरचं स्वतःचं वजनही आलं. यातली एकही गोष्ट सोडली तर तो आकडा व्हीजीएम राहत नाही.

हा आकडा कोणाला आणि कशाला लागतो?

जहाजावर कंटेनर एकावर एक रचतात. आपण घरी डबे रचतो तेव्हा जड डबा खाली आणि हलका वर ठेवतो. जहाजावरही तसंच करावं लागतं. फरक इतकाच की तिथे कोणी हाताने उचलून अंदाज घेत नाही. कोणता कंटेनर कुठे ठेवायचा हे कागदावर लिहिलेल्या वजनावरून आधीच ठरवलेलं असतं. कागदावर आठ टन लिहिले आणि खरं वजन बारा टन निघालं, तर तो कंटेनर वरच्या थरात जाऊन बसतो. खालच्यांवर जास्त भार येतो, बांधणीच्या साखळदंडांवर ताण येतो, आणि वादळात जहाज डोलायला लागलं की रचलेला ढीग कोसळू शकतो. क्रेन चालवणारा, ट्रेलरचा ड्रायव्हर, बंदरातला कामगार या सगळ्यांचा जीव त्याच आकड्यावर अवलंबून असतो.

याचं एक उदाहरण जगभर सांगितलं जातं. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नॅपोली नावाचं कंटेनर जहाज इंग्लंडजवळच्या समुद्रात वादळात सापडलं आणि त्याच्या पोटाला तडा गेला. खलाशी वाचले. जहाज ओढत नेऊन किनाऱ्याजवळ टेकवलं. पुढे डेकवरचे सुमारे ६६० कंटेनर उतरवून तोलले, तेव्हा त्यातल्या १३७ कंटेनरांच्या खऱ्या आणि सांगितलेल्या वजनात तीन टनांहून जास्त फरक निघाला. एका कंटेनरात तर वीस टनांचा फरक होता. हे १३७ कंटेनर मिळून कागदापेक्षा ३१२ टन जास्त भरले. जहाज मोडण्याचं मुख्य कारण त्याच्या बांधणीतला कमकुवतपणा होता. फक्त वजनामुळे ते मोडलं असं नाही. पण जहाजाकडे सुरक्षिततेची जी थोडी जागा शिल्लक होती, ती खोट्या वजनांनी आणखी कमी केली.

अशा घटनांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने समुद्रातल्या सुरक्षिततेच्या नियमात बदल केला, आणि १ जुलै २०१६ पासून तो जगभर लागू झाला. आपल्याकडे त्याची अंमलबजावणी मुंबईतलं नौवहन महासंचालनालय बघतं. नियमाचं सार एका ओळीत आहे: पक्कं वजन कळवलं नाही, तर भरलेला कंटेनर जहाजावर चढवायचा नाही. भिवंडीहून मुंब्रा, कळंबोलीमार्गे न्हावा शेवाच्या बंदरात गेलेला ट्रेलर या एका आकड्यासाठी अडकून पडू शकतो. जहाज निघून जातं, पुढच्या जहाजापर्यंत कंटेनर ठेवण्याचं भाडं चढतं, आणि गटाच्या हातात पैसे यायला तेवढाच उशीर होतो.

आता बेरीज करून बघू

समजा, मुरबाड आणि शहापूरच्या काही गटांनी मिळून प्रभागसंघामार्फत कैरीचं लोणचं तयार केलं. भिवंडीच्या गोदामात वीस फुटी कंटेनर लागला आहे. माल असा आहे: काचेच्या एका बरणीत ४०० ग्रॅम लोणचं, एका खोक्यात १२ बरण्या, एका पॅलेटवर १२० खोकी, आणि कंटेनरमध्ये १० पॅलेट. म्हणजे एकूण १,२०० खोकी.

आधी एक खोकं काट्यावर ठेवू. आतलं लोणचं ४.८ किलो. ही झाली ग्राहकाला विकायची वस्तू, तिला निव्वळ वजन म्हणायचं. पण झाकणासह रिकामी काचेची बरणी २३० ग्रॅमची आहे, म्हणजे बारा बरण्यांची काच २.७६ किलो. खोकं, आतले पुठ्ठ्याचे कप्पे, लेबलं आणि चिकटपट्टी मिळून ५४० ग्रॅम. सगळं धरून भरलेलं खोकं ८.१ किलो भरलं.

इथेच थांबून एकदा बघा. खोक्यात लोणचं पाच किलोलाही थोडं कमी आहे आणि खोकं आठ किलोचं आहे. बाकीचं सगळं काच आणि पुठ्ठा. पापड किंवा मसाल्याच्या पिशव्या असत्या तर हा फरक थोडाच असता. काचेच्या बरण्यांच्या मालात तो सगळ्यात मोठा असतो. म्हणून "मागच्या वेळी मसाला पाठवला तेव्हा एवढं वजन होतं" असा हिशोब लोणच्याला चालत नाही.

आता पूर्ण बेरीज अशी:

१,२०० खोकी, प्रत्येकी ८.१ किलो: ९,७२० किलो
१० लाकडी पॅलेट, प्रत्येकी २३ किलो: २३० किलो
पॅलेटभोवतीचं गुंडाळी प्लास्टिक, कोपऱ्याच्या पट्ट्या आणि बांधणीचे पट्टे, प्रत्येक पॅलेटला दीड किलो: १५ किलो
कंटेनरात माल सरकू नये म्हणून लावलेल्या फळ्या आणि दोर: ४५ किलो
आत गेलेलं सगळं मिळून: १०,०१० किलो
कंटेनरचं स्वतःचं वजन: २,२३० किलो
व्हीजीएम: १२,२४० किलो

आता कोणी फक्त लोणचं मोजून सांगितलं असतं तर? १,२०० खोक्यांमधलं लोणचं ५,७६० किलो. त्यात कंटेनरचे २,२३० मिळवले की ७,९९० किलो होतात. खऱ्या आकड्यापेक्षा हे ४,२५० किलोने कमी. नॅपोलीच्या तपासात तीन टनांचा फरक असलेले कंटेनर मोजले होते. आपला एक लोणच्याचा कंटेनर त्या यादीत सहज गेला असता, आणि त्यात कोणाची लबाडी नसती. फक्त बरणीची काच मोजायची राहून गेली असती.

"पण कंटेनर तर तीस टनांपर्यंत चालतो, आमचे बाराच टन आहेत, मग काय बिघडलं?" असं एखादी विचारेल. तीस टन ही त्या डब्याची ताकद आहे. जहाजाला ताकद नाही, खरं वजन हवं असतं. आठ लिहून बारा भरलेला कंटेनर मर्यादेच्या आत असूनही चुकीच्या थरात जाऊन बसतो.

कंटेनरचं स्वतःचं वजन कुठे बघायचं?

रिकाम्या कंटेनरच्या वजनाला टेअर म्हणतात. ते कोणी तोलून देत नाही, कंटेनरच्या मागच्या दारावरच रंगवलेलं असतं. उजव्या दारावर वरती कंटेनरचा नंबर असतो, चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. त्याखाली तीन-चार ओळींत वजनं असतात. ज्या ओळीत इंग्रजी टी, ए, आर, ई अशी अक्षरं आहेत तीच आपली ओळ. वीस फुटी कंटेनरचं टेअर साधारण सव्वादोन टनांच्या आसपास असतं, आणि चाळीस फुटी उंच कंटेनरचं जवळपास चार टन. पण हे आकडे फक्त ओळखीपुरते. लिहायचं ते त्या दिवशी, त्या दारावरचं. दोन कंटेनर दिसायला सारखे असले तरी टेअर सारखं असेलच असं नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे टेअरऐवजी त्याच दारावरचं सगळ्यात जास्त चालणारं वजन वाचलं जातं. बहुतेक वीस फुटी कंटेनरवर ते ३०,४८० किलो असतं. ही चूक लगेच पकडता येते, कारण रिकामा वीस फुटी डबा तीस टनांचा कधीच नसतो.

दुसरी चूक लपून राहते. टेअर किलोत लिहिलेलं असतं आणि त्याच्याच खाली तेच वजन पौंडात. आपल्या उदाहरणात किलोच्या ओळीत २,२३० आणि पौंडाच्या ओळीत ४,९२० असेल. घाईत पौंडाचा आकडा उचलला तर बेरीज १४,९३० होते, म्हणजे २,६९० किलो जास्त. वीस फुटी डब्याचं टेअर चार हजारांच्या वर आलं, तर समजा की चुकीची ओळ वाचली. सोपा उपाय आहे. मोबाइलवर दाराचा फोटो काढा, त्यात कंटेनरचा नंबर आणि टेअर दोन्ही दिसू द्या, आणि आकडा फोटोवरून लिहा.

दोन रीती

नियमात वजन पक्कं करायच्या दोनच रीती आहेत. पहिल्या रीतीत भरून बंद केलेला कंटेनर आख्खाच तोलायचा. दुसऱ्या रीतीत आत जाणारी प्रत्येक वस्तू तोलून त्यात टेअर मिळवायचं. वर आपण केली ती दुसरी रीत. अंदाज ही तिसरी रीत नाही.

दुसऱ्या रीतीत एक बारकावा आहे. एक खोकं तोलून १,२०० ने गुणलं, असं केलेलं चालत नाही. प्रत्येक नग तोललेला हवा. याचा अर्थ १,२०० वेळा काट्यावर ठेवायचं असा मात्र नाही. माल रचून, प्लास्टिक गुंडाळून तयार झालेला पॅलेटच तोलायचा. म्हणजे फक्त दहा वेळा तोलायचं, आणि खोकी, पॅलेट, प्लास्टिक सगळं एकदमच मोजलं जातं. आपल्या हिशोबाने एक पॅलेट ९९६.५ किलोच्या आसपास यायला हवा. खरे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, ९९४ ते ९९९ असे. एखादा पॅलेट ९८८ आला तर एक खोकं कमी रचलं गेलं आहे हे तिथेच कळतं. ९८० आला तर दोन. म्हणजे ही तोलणी मोजणीची उलटतपासणीसुद्धा होते.

काट्याची ताकद आधी बघा. एक टनाच्या काट्यावर ९९६ किलोचा पॅलेट म्हणजे अगदी कडेला. एक खोकं जास्त झालं तरी काटा मर्यादेबाहेर जातो. दीड किंवा दोन टनांचा जमिनीवर बसवलेला काटा हवा. आणि तो कोणताही काटा नको. ज्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे, ज्याचं पडताळणी प्रमाणपत्र गोदामात आहे, असाच काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख वाचा.

धान्य पोत्यांशिवाय सुटं भरलं असेल किंवा भंगार असेल तर दुसरी रीत जमत नाही, कारण तो माल नगानग मोजता येत नाही. तिथे आख्खा कंटेनरच तोलायचा. शिवाय दुसरी रीत ज्या देशात माल भरला तिथल्या सागरी प्रशासनाला मान्य असलेल्या पद्धतीनेच करायची असते. म्हणून कोणती रीत वापरायची हे पॅकिंगच्या आधीच निर्यातदाराकडून लिहून घ्या. आपल्या भागातले बरेच निर्यातदार पहिली रीत धरतात, कारण भुईकाटा रस्त्यावरच मिळतो.

भुईकाट्याची पावती वाचताना

पहिल्या रीतीत भरलेल्या कंटेनरसह ट्रेलर भुईकाट्यावर चढतो आणि त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा होतं. आपल्या कंटेनरची पावती अशी येऊ शकते: भरलेला ट्रेलर २५,३२० किलो, रिकामा ट्रेलर १३,०६० किलो, फरक १२,२६० किलो. आपल्या बेरजेपेक्षा हे वीस किलोने जास्त आहे. काळजीचं कारण नाही. मोठे काटे दहा-वीस किलोच्या पायरीनेच आकडा दाखवतात. शंभर लिटर डिझेलचंही साधारण ८३ किलो होतं, त्यामुळे दोन तोलण्यांच्या मध्ये ड्रायव्हरने टाकी भरली तर फरक आणखी वाढतो. दोन्ही वेळा डिझेल सारखं ठेवा आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरला खाली उतरू द्या.

खरा घोटाळा वेगळाच आहे. बरेचदा ट्रेलर रिकामा कंटेनर घेऊनच गोदामात येतो. येताना तो तसाच तोलला जातो. मग पहिली तोलणी ट्रेलर आणि रिकामा कंटेनर मिळून होते, आपल्या उदाहरणात १५,२९० किलो. माल भरल्यावर २५,३२०. पावतीवर छापून येतो फरक १०,०३० किलो, आणि त्याला "निव्वळ वजन" असं नावही असतं. हा आकडा फक्त मालाचा आहे. त्यात कंटेनरच नाही! टेअरचे २,२३० मिळवल्याशिवाय तो व्हीजीएम होत नाही. मिळवले की १२,२६० येतात.

म्हणून पावती हातात आली की एकच प्रश्न विचारा, "रिकामं तोललं तेव्हा वर कंटेनर होता का?" उत्तर हो असेल तर टेअर मिळवायचं. नाही असेल तर मिळवायचं नाही, नाहीतर ते दोनदा मोजलं जाईल. एका ट्रेलरवर दोन वीस फुटी कंटेनर असतील तर दोघांचं वजन वेगवेगळं तोलावं लागतं. एकत्र वजनाचे दोन भाग करून लिहायचे नाहीत.

कोणत्याही रीतीने केलं तरी दुसऱ्या रीतीची बेरीज कागदावर करून ठेवा. वीस-पन्नास किलोचा फरक निघाला तर निश्चिंत. दोन हजारांच्या आसपास फरक निघाला तर टेअर राहिलं किंवा दोनदा धरलं. चार हजारांचा निघाला तर बरण्या राहिल्या, किंवा कोणीतरी निव्वळ वजन उचललं. पाचशे-आठशेचा फरक असेल तर खोक्यांची मोजणी पुन्हा करा. फरक किती मोठा आहे यावरूनच चूक कुठे झाली ते कळतं.

पावसाळा आणि शेवटच्या क्षणाचे बदल

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पॅलेट गोदामाबाहेर भिजत पडलेले असतात. ओलं लाकूड जड होतं. दहा पॅलेट पाच-पाच किलोने वाढले तर पन्नास किलो झाले. जहाजाच्या दृष्टीने हे थोडं आहे, त्यामुळे त्यासाठी रात्र जागवायची गरज नाही. पण उन्हाळ्यात तोललेला २३ किलोचा आकडा पावसाळ्यात तसाच वापरू नका. तयार पॅलेट तोलला की हा प्रश्न आपोआप सुटतो.

शेवटच्या क्षणाचे बदल मात्र जपावे लागतात. पॅलेट तोलून झाले, आणि मग कोणीतरी म्हणालं की दारापाशी जागा उरली आहे, वीस खोकी सुटी टाका. वीस खोकी म्हणजे १६२ किलो. किंवा एक पॅलेट पडला, बरण्या फुटल्या, तो बाहेर राहिला. म्हणजे जवळपास हजार किलो कमी. आकडा आधीच कळवलेला असेल तर तो बदलून पुन्हा कळवावा लागतो. म्हणून व्हीजीएमची बेरीज दार बंद करून सील मारल्यावरच पक्की करायची, त्याच्या आधी नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. व्हीजीएम एकूण वजन सांगतं, माल कसा रचला ते सांगत नाही. सगळे जड पॅलेट एकाच टोकाला ठेवले तरी आकडा १२,२४०च येईल, पण ट्रेलर वळणावर कलंडू शकतो. त्यामुळे पॅलेट दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही टोकांना सारखे वाटले आहेत का, ते वेगळं बघायचं.

सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

जहाज कंपनीच्या बिल्टीवर माल पाठवणारा म्हणून ज्याचं नाव आहे, व्हीजीएम कळवायची जबाबदारी त्याची. बहुतेक वेळा तो निर्यातदार असतो, गट नाही. त्याच्या वतीने नेमलेला माणूस कंटेनरचा नंबर, रीत पहिली की दुसरी, वजन, तोलल्याची तारीख-वेळ आणि काट्याचा तपशील कळवून सही करतो. पण त्याच्या आकड्याची सुरुवात आपल्या वहीतून होते. आपण खोक्याचं वजन ४.८ लिहिलं तर पुढच्या प्रत्येक कागदावर ते तसंच जाईल.

बऱ्याच गटांचा माल आख्ख्या कंटेनरएवढा नसतो. तो दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरात भरतात. अशा वेळी एकूण व्हीजीएम कंटेनर भरणारा एकत्रकर्ता काढतो, आणि आपल्याला आपल्या भागाचं वजन द्यावं लागतं. ६० खोकी दिली तर ४८६ किलो सांगायचे, २८८ नाही. आणि सोबत पॅलेट दिला असेल तर तोही धरायचा. आपल्यासारख्या दहा जणींनी निव्वळ वजन सांगितलं, की एकत्रकर्त्याची बेरीज टनांनी घसरते आणि सगळ्यांचाच कंटेनर अडकतो.

गटाच्या वहीत प्रत्येक पाठवणीसाठी एवढ्या ओळी ठेवा: एका खोक्याचं निव्वळ वजन, एका भरलेल्या खोक्याचं वजन, खोक्यांची संख्या, तयार पॅलेटांची दहा वजनं आणि त्यांची बेरीज, आधाराच्या फळ्या-दोरांचं वजन, कंटेनरचा नंबर आणि दारावरचं टेअर किलोत, काट्याच्या प्रमाणपत्राची तारीख, आणि भुईकाट्याची पावती असेल तर ती चिकटवून. शेवटच्या ओळीत एकूण. ही ओळ एकीने लिहायची आणि दुसरीने पुन्हा बेरीज करून शेजारी सही करायची. निर्यातदाराने वजन कमी निघालं म्हणून पैसे कापायला सुरुवात केली, किंवा बंदरातून कंटेनर परत आला, तर आपल्या बाजूने बोलायला हेच पान असेल.